छोट्या मागासाठी ताणमापक: टेबलावर बरोबर, मागावर जास्त का दाखवतो?

टेक्स्टाइलच्या मुलांनी प्रोजेक्टसाठी सुताचा ताणमापक करायला घेतला की एक कोडं हमखास समोर येतं. टेबलावर वजनं टांगून तपासलं की यंत्र अगदी बरोबर. २० ग्रॅम टांगले की २०, ५० टांगले की ५०. तोच मापक सॅम्पल लूमच्या ताण्यातल्या एका तारेला लावला की आकडा २८ किंवा ३३ दाखवतो. बाजूला विणायला बसलेला कारागीर तारेवरून बोट फिरवतो आणि म्हणतो, "एवढी घट्ट नाही ती."

कारागिराचं बोट बरोबर असतं. लोड सेलही बरोबर असतो, आणि प्रोग्रॅममध्येही चूक नसते. मग हे जास्तीचे ८ किंवा १३ ग्रॅम येतात कुठून? ते मापकानेच तारेत घातलेले असतात. हे नेमकं कसं होतं आणि त्यावर उपाय काय, हे कळलं की हाताशी असलेल्या साध्या सामानातूनही विश्वासाचा मापक होतो.

## ताण मोजायचा म्हणजे काय मोजायचं

ताणा म्हणजे बीमवरून येणारे उभे धागे, आणि त्यातला एक धागा म्हणजे एक तार, हे वाचणाऱ्यांना माहीतच आहे. तारेतला ताण थेट दिसत नाही. तार तोडून मध्ये काटा बसवला तर मोजता येईल, पण मागावरची तार तोडायची नसते. म्हणून ताण आडवाटेने मोजतात.

अंगणात कपडे वाळत घालायची दोरी आठवा. ती सैल असेल तर बोटाने सहज खाली दबते, घट्ट असेल तर तेवढंच दाबायला जास्त जोर लागतो. दोन खांबांमधलं अंतर तेच आणि दोरी दाबलीही तेवढीच, तर लागणारा जोर दोरीच्या ताणाच्या प्रमाणात असतो. तीन रोलरचा ताणमापक एवढंच करतो. दोन बाजूंचे रोलर म्हणजे खांब, मधला रोलर म्हणजे बोट, आणि बोटाला किती जोर लागला ते सांगणारा लोड सेल त्याच्या खाली.

मधला रोलर तारेला सरळ रेषेपासून जितका हलवतो, त्या अंतराला आपण 'उचल' म्हणू. पुढचा सगळा लेख या उचलीभोवतीच फिरतो. बाजूचा रोलर मधल्यापासून a अंतरावर, उचल h आणि तारेतला ताण T असेल, तर मधल्या रोलरवर येणारा जोर असा:

```
F = 2 T sinθ,   tanθ = h / a
```

समजा a ३० मिमी आणि उचल ८ मिमी आहे. कोन जवळजवळ १५ अंशांचा होतो आणि जोर ताणाच्या साधारण ०.५२ पट. म्हणजे तारेत २० ग्रॅम ताण असेल तर लोड सेलला १०.३ ग्रॅम जाणवतात. उचल ३ मिमी ठेवली तर हेच गुणोत्तर ०.२ वर येतं आणि त्याच ताणाला सेलवर फक्त ४ ग्रॅम येतात.

हे पाहून बहुतेक विद्यार्थी उचल मोठी ठेवतात. सिग्नल मोठा मिळतो, आकडा स्थिर दिसतो. घोळ इथेच सुरू होतो.

## सामान आणि जुळणी

१०० ग्रॅम क्षमतेचा छोटा सिंगल पॉइंट लोड सेल, सेलचा बारीक सिग्नल आकड्यात बदलणारं HX711 चं बोर्ड, कोणताही आर्डुइनो, तीन लहान खाचेची बॉल बेअरिंगं आणि ३ ते ५ मिमी जाडीची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी एवढं पुरतं. एक किलोचा सेल घेऊ नका. आपल्याला ४ ग्रॅमच्या आसपासचे जोर वाचायचे आहेत, आणि मोठ्या सेलमध्ये ते गोंगाटात बुडतात.

बेअरिंगं आणली तशी बसवू नका. त्यांच्यात भरलेलं ग्रीस २० ग्रॅम ताणाच्या सुताला जड जातं. रोलर फिरतच नाही, सूत त्याच्यावरून घासत जातं. थिनरमध्ये धुऊन ग्रीस काढा, वाळवा आणि शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडा. तोंडाने फुंकर मारली तर रोलर फिरत राहिला पाहिजे.

मधला रोलर सेलच्या मोकळ्या टोकावर बसतो. सेलचं दुसरं टोक पट्टीवर बसवताना खाली वॉशर घाला, म्हणजे वॉशर काढून-घालून उचल बदलता येईल. उचल शून्य कुठे आहे हे शोधायला दोन बाजूंच्या रोलरना टेकून एक सूत सरळ ताणा. मधला रोलर त्या सुताला जेमतेम शिवतो ती जागा शून्य.

प्रोग्रॅम इतका छोटा:

```cpp
#include "HX711.h"
HX711 cell;
const float K = 1000.0;  // तुमचा आकडा इथे

void setup() {
  Serial.begin(9600);
  cell.begin(3, 2);      // DT, SCK
  cell.set_scale(K);
  cell.tare();
}

void loop() {
  Serial.println(cell.get_units(5), 1);
}
```

इथे K काढायची रीत महत्त्वाची आहे. सेलवर थेट वजन ठेवून K काढू नका. प्रोग्रॅममध्ये K तात्पुरता १.० ठेवा, म्हणजे पडद्यावर कच्चा आकडा येईल. ज्या सुताचा ताण मोजायचा तेच सूत तिन्ही रोलरमधून न्या, एक टोक बांधा, दुसरं टोक मोकळ्या फिरणाऱ्या कप्पीवरून खाली सोडून त्याला प्रयोगशाळेतलं २० ग्रॅमचं वजन लावा. कच्च्या आकड्यात जेवढा फरक पडला त्याला २० ने भागलं की K मिळाला. या रीतीने कोन, रोलरची जाडी, जुळणीतला थोडा तिरकेपणा हे सगळं K मध्येच मुरतं आणि पडद्यावर थेट तारेचा ताण दिसतो. मग १० आणि ५० ग्रॅम लावून आकडा सरळ रेषेत जातो का ते बघा.

वजन एकदा हाताने थोडं वर उचलून सोडा आणि एकदा थोडं खाली ओढून सोडा. दोन्ही वेळा आकडा वेगळा थांबला तर तो फरक घर्षणाचा. सरासरी घ्या, पण फरक दोन-तीन टक्क्यांहून जास्त असेल तर बेअरिंगांकडे परत जा. बेअरिंगऐवजी नुसत्या पिना लावल्या तर हा त्रास किती वाढतो ते हिशोबाने कळतं. सूत सरकत असेल आणि घर्षणांक ०.२५ धरला, तर ८ मिमी उचलीला आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या सुताच्या ताणात सुमारे ३० टक्के फरक पडतो, ३ मिमी उचलीला सुमारे १० टक्के.

## टेबल आणि माग यांत फरक काय

आता मूळ कोड्याकडे येऊ. सूत सरळ जाण्याऐवजी मधल्या रोलरवरून वळसा घेतं, तेव्हा त्याची वाट थोडी लांबते. a ३० मिमी आणि उचल ८ मिमी असताना ही वाढ २.१ मिमी होते.

टेबलावर ही २.१ मिमी वाढ कुठून आली? टांगलेलं वजन तेवढं वर सरकलं. वजन २० ग्रॅमचंच राहिलं, म्हणून ताणही २० ग्रॅमच राहिला. टेबलावरची चाचणी त्यामुळे नेहमी पास होते. उचल २ मिमी ठेवा नाहीतर २० मिमी, ताणात काही भर पडतच नाही.

मागावर तारेचं एक टोक बीमवर गुंडाळलेलं आहे आणि बीमला ब्रेक आहे. दुसरं टोक कापडात विणलं गेलंय. दोन्हीकडून ती पकडलेली आहे. २.१ मिमी जास्तीची वाट द्यायला तिथे कुणीच नाही, म्हणून तारेलाच तेवढं ताणावं लागतं. ताणली की ताण वाढतो. तो वाढलेला ताण मापक इमानदारीने वाचतो.

सुताच्या गिरणीत रिवाइंडिंगला किंवा वॉर्पिंगला वापरायच्या हातातल्या मापकांना हा त्रास फारसा होत नाही, कारण तिथे सूत कोनवरून सुटून पळत असतं. दोन मिलिमीटर जास्त लागले तर कोन ते लगेच देतो. म्हणून मापकाची मोठी उचल तिथे चालते. तिथलं यंत्र बघून त्याच मापाची नक्कल मागासाठी केली की फसगत होते.

## ४० काउंटच्या तारेवर हिशोब

४० नंबरचं एकेरी सुती सूत घेऊ. टेक्समध्ये, म्हणजे एक किलोमीटर सुताचं ग्रॅममधलं वजन, ते ५९०.५ भागिले ४० म्हणजे १४.८ होतं. असं सूत साधारण २२० ग्रॅमच्या आसपास तुटतं आणि तुटेपर्यंत ६ टक्क्यांच्या आसपास लांबतं असं धरू. तुमच्या सुताचे आकडे लॅबमधल्या टेन्साइल टेस्टरवर काढा. इथे हिशोबाची रीत दाखवायची आहे.

२२० भागिले ६, म्हणजे एक टक्का लांबायला सुमारे ३७ ग्रॅम. बीमपासून कापडापर्यंत तारेची मोकळी लांबी एक मीटर असेल तर एक मिलिमीटर म्हणजे ०.१ टक्का, म्हणजे ३.७ ग्रॅम. आता मापक लावा. ८ मिमी उचलीला वाट २.१ मिमी लांबली, ताणात भर पडली ७.७ ग्रॅम. तारेत मुळात २० ग्रॅम होते, मापक दाखवणार २७.७.

सॅम्पल लूम आखूड असतो. मोकळी लांबी ६० सेंटिमीटर असेल तर तेवढीच २.१ मिमी वाढ टक्केवारीत जास्त भरते, भर जवळजवळ १३ ग्रॅमवर जाते आणि आकडा ३३ दिसतो. माग जितका छोटा, तितकी चूक मोठी. छोट्या मागासाठी वेगळा विचार करायला लागतो तो यासाठीच.

प्रत्यक्षात भर याहून जास्तही पडू शकते. एक म्हणजे सूत सुरुवातीच्या लांबणीला सरासरीपेक्षा ताठ असू शकतं. दुसरं म्हणजे हील्डच्या डोळ्यात आणि बॅक रेस्टवर घर्षण असल्यामुळे वाढीचा भार सगळ्या मोकळ्या लांबीत सारखा वाटला जात नाही. मापकाजवळचा तुकडाच जास्त ताणला जातो.

उचल ३ मिमी केली तर? वाट फक्त ०.३ मिमी लांबते. एक मीटर लांबीवर भर १.१ ग्रॅम, आकडा २१.१. उचल ८ वरून ३ वर आली, म्हणजे साधारण पावणेतीन पटीने कमी झाली. सिग्नल अडीच पटीच्या थोडा वर घटला, पण भर सात पटीने घटली. कारण वाटेची वाढ उचलीच्या वर्गाच्या प्रमाणात असते आणि सिग्नल नुसत्या उचलीच्या प्रमाणात. माझं मत स्पष्ट आहे: मागासाठीच्या मापकात उचल कमी ठेवा आणि हरवलेला सिग्नल चांगल्या सेलने भरून काढा. १०० ग्रॅमच्या सेलला ४ ग्रॅम वाचणं जड नाही.

## मग उचल अर्धा मिलिमीटरच का ठेवू नये?

हा प्रश्न लगेच येतो आणि तो योग्य आहे. उचल जितकी कमी, तितकी तिच्यातली छोटी चूक महाग पडते. पट्टी जरा वाकली, वॉशर नीट बसलं नाही, उचलीत ०.३ मिमी फरक पडला, तर ८ मिमीला तो ४ टक्के आहे, ३ मिमीला १० टक्के आणि अर्ध्या मिलिमीटरला निम्म्याहून जास्त. हातातल्या सामानात ३ मिमी ही मधली जागा मला ठीक वाटते, आणि मोजायला सुरुवात करण्याआधी रोज एकदा २० ग्रॅम टांगून आकडा बघायचा.

उचल कमी असताना आणखी एक गोष्ट डोकं वर काढते. मधला रोलर आणि त्याची पकड यांचं स्वतःचं वजन ४ ग्रॅम असेल, तर ते सेलवर येणाऱ्या आपल्या ४ ग्रॅम जोराएवढंच आहे. मापक सरळ धरून शून्य केला आणि मग उलटा करून तारेला लावला, तर रोलरच्या वजनाची दिशा फिरते, सेलवर ८ ग्रॅमचा फरक पडतो आणि पडद्यावर ताण ४० ग्रॅमने चुकतो. थोडा तिरका धरला तरी आकडा सरकतो. म्हणून मापक हातात धरायचा नाही. मागाच्या चौकटीला क्लॅम्पने बसवलेल्या छोट्या स्टँडवर ठेवायचा, त्याच जागी, त्याच कलात, तार न लावता शून्य करायचं आणि मगच तार रोलरमध्ये घ्यायची.

## भर किती पडली हे मागावरच कसं ओळखायचं

यासाठी टेन्साइल टेस्टरही लागत नाही. एकाच तारेचा ताण दोन उचलींना मोजा, प्रत्येक उचलीचा K वेगळा काढून ठेवलेला असला पाहिजे. वरच्या उदाहरणात ८ मिमीला २७.७ आणि ३ मिमीला २१.१ आले. भर उचलीच्या वर्गाच्या प्रमाणात आहे, तेव्हा आकडे वर्गापुढे मांडा: ६४ ला २७.७, ९ ला २१.१. ६.६ ग्रॅमचा फरक ५५ वर पसरला, म्हणजे वर्गाच्या एका एककाला ०.१२ ग्रॅम. ९ ला १.१ ग्रॅम भर. २१.१ मधून ती वजा केली की २० उरले. मापक लावलाच नसता तर तारेत जो ताण होता तो हा.

दोन सारखे मापक असतील तर आणखी सोपं. पहिला लावून आकडा लिहा, मग त्याच तारेवर थोडं पुढे दुसरा लावा. पहिल्याचा आकडा जेवढा वर चढेल, साधारण तेवढीच भर त्याने स्वतः आधी घातलेली असते. वर्गात दाखवायला याच्यासारखा प्रयोग नाही. समोर बसलेल्यांना आकडा वर सरकताना दिसतो.

मोजताना माग थांबलेला, हील्ड समपातळीत आणि दम बंद असू द्या. जागा बॅक रेस्ट आणि हील्ड यांच्या मध्ये, बॅक रेस्टच्या बाजूला. दम उघडा असेल तर वरच्या आणि खालच्या तारांचा ताण मुळातच वाढलेला असतो आणि कशाची तुलना कशाशी करतोय ते कळत नाही.

## "चालू मागावर ठोक्याचा ताण मोजता येईल का?"

हातमागावर थोडाफार, यंत्रमागावर नाही. HX711 ची बहुतेक बोर्डं येतात तशी सेकंदाला १० आकडे देतात. मिनिटाला १६० पिकांच्या यंत्रमागावर एक फेरा ०.३७५ सेकंदाचा, म्हणजे एका फेऱ्यात चारसुद्धा आकडे नाहीत. फणीचा ठोका त्याच्या एका छोट्या भागात उरकतो, तो दोन आकड्यांच्या मध्ये निसटून जातो. बोर्डवरची RATE पिन वरच्या पातळीला जोडली की आकडे सेकंदाला ८० होतात, तरी ठोक्याच्या वाट्याला एखाद-दोनच येतात. हा मापक थांबलेल्या ताण्यासाठी आहे. रिपोर्टमध्ये ठोक्याच्या ताणाचा आलेख घालायचा मोह आवरा, परीक्षक तिथेच बोट ठेवतील.

## "बीमच्या वजनावरून ताण कळतोच की"

कळतो, पण सगळ्या तारांचा मिळून. २० इंच पन्ह्याचा, इंचाला ६० तारांचा ताणा म्हणजे १२०० तारा. दर तारेला २० ग्रॅम म्हणजे एकूण २४ किलो. बीमच्या दोरी-वजनाचा ब्रेक हे २४ किलो धरून ठेवतो. ते १२०० तारांत कसे वाटले गेले हे ब्रेकला माहीत नसतं. बीम भरताना एक कड सैल बसली तर तिथल्या तारा १२ ग्रॅमवर आणि मधल्या २३ वर असू शकतात. बेरीज तीच, पण कापडाची कड मात्र लोंबते. डावी कड, मध्य आणि उजवी कड इथल्या प्रत्येकी चार-पाच तारा मोजल्या की ही गोष्ट आकड्यात दिसते.

ब्रेकबद्दल आणखी एक. दोरी बीमच्या टोकावरच्या ठरावीक व्यासाच्या चाकावर असते, म्हणून वजन तेच असेपर्यंत ब्रेकची पकड तीच राहते. बीमवरचं सूत मात्र संपत जातं आणि त्रिज्या घटते. त्रिज्या ८ सेंटिमीटर असताना तारेत २० ग्रॅम होते, तर ती ४ वर आल्यावर तेवढ्याच वजनाला तारेत ४० ग्रॅम येतात. कारागीर वजन आत सरकवतो किंवा एखादं उतरवतो ते यासाठी. म्हणून वहीत ताण लिहिताना त्याच्या शेजारी त्या वेळची बीमची त्रिज्या आणि लावलेलं वजन लिहा. वजन न बदलता घेतलेल्या नोंदींत त्रिज्येला ताणाने गुणलेला आकडा जवळपास सारखा आला, तर ब्रेक आणि मापक दोन्ही ठीक चाललेत. तो भरकटला तर आधी दोरी तपासा: पावसाळ्यात ओलसर झालेली किंवा तेल लागलेली दोरी वेगळी धरते, आणि मापकाला त्यात दोष देण्यात अर्थ नाही.